१६.५ मीटरच्या वर चेंडू नेमका किती वेळ असतो?

वर्तकनगरवासी (धागाकर्ता)

माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिच्या क्लासच्या सरावपत्रिकेतील एका उदाहरणावरून आमच्या घरी वाद रंगला आहे. उदाहरण साधे आहे. जमिनीपासून १.५ मीटर उंचीवरून एक चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वत्वरण १० धरायचे, तर जमिनीपासून १६.५ मीटरपेक्षा जास्त उंचीवर तो कोणत्या कालावधीत असेल? तिची मांडणी जशीच्या तशी खाली देत आहे.

```
1.5 + 20t − 5t² > 16.5
−5t² + 20t − 15 > 0
t² − 4t + 3 > 0
(t − 1)(t − 3) > 0
t < 1 किंवा t > 3
```

पत्रिकेच्या शेवटी उत्तर १ ते ३ सेकंदांच्या दरम्यान, म्हणजे एकूण २ सेकंद, असे दिले आहे. तिसऱ्या ओळीत उणे पाचाने भागताना चिन्ह उलटायला हवे होते, एवढे मला कळते. पण तिचा प्रश्न असा आहे की १ आणि ३ हे दोन्ही आकडे बरोबर आले असताना, उत्तर उलटे झाले आहे हे उत्तरतालिका न पाहता परीक्षेत ओळखायचे कसे? ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर ती स्वीकारत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पुरेसे वाटत नाही.

बोलघेवडा

मुलीच्या उत्तराप्रमाणे १० व्या सेकंदालाही चेंडू १६.५ मीटरच्या वरच आहे. ठाण्यात हरवलेले आमचे सगळे चेंडू कुठे गेले, याचा उलगडा आज झाला.

क्षितिज_ऐरोली

बोलघेवडा यांनी विनोद केला असला तरी तपासणीची खरी पद्धत तीच आहे. मिळालेल्या उत्तरातील एखादा सोयीचा क्षण घ्यावा आणि त्या क्षणी चेंडू कुठे आहे ते मूळ सूत्रात घालून पाहावे. `t = 0` हा सर्वांत सोयीचा क्षण आहे, कारण तेव्हा चेंडू हातात, १.५ मीटरवर, असतो. ज्या उत्तरात शून्य सेकंद सामावलेला आहे, ते उत्तर ‘हातातला चेंडू १६.५ मीटरच्या वर आहे’ असे म्हणत असते, त्यामुळे ते तिथेच बाद होते. `t = 10` घातल्यास उंची उणे २९८.५ मीटर येते, म्हणजे चेंडू जमिनीखाली गाडला गेला आहे आणि तरीही असमानता त्याला ‘वर’ म्हणत आहे. या तपासणीला अर्धे मिनिटही लागत नाही.

आता चिन्ह का उलटते ते पाहू. माझे मत असे आहे की उणे संख्येने भागण्याच्या वाटेला मुळात जाऊच नये. सर्व पदे दुसऱ्या बाजूला न्यावीत, म्हणजे `t²` चा सहगुणक आपोआप धन होतो आणि लक्षात ठेवण्याजोगा नियमच उरत नाही.

```
16.5 < 1.5 + 20t − 5t²
5t² − 20t + 15 < 0
t² − 4t + 3 < 0
(t − 1)(t − 3) < 0
```

येथे पाचाने भागले आहे आणि पाच धन असल्यामुळे काहीच उलटत नाही. शेवटच्या ओळीतील गुणाकार ऋण असण्यासाठी एक अवयव धन आणि दुसरा ऋण असला पाहिजे. `t − 1` हा `t − 3` पेक्षा नेहमीच २ ने मोठा असतो, म्हणून धन असण्याचा मान त्याचाच. त्यावरून `t > 1` आणि `t < 3` या दोन्ही अटी एकाच वेळी लागू होतात. पुष्कळ मुले या पायरीवर ‘`t < 1`, `t < 3`’ असे लिहून मोकळी होतात, कारण समीकरणात प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे शून्य करण्याची सवय हाताला लागलेली असते. असमानतेत अवयव सुटे सोडता येत नाहीत. त्यांची चिन्हे एकमेकांच्या जोडीनेच पाहावी लागतात.

रामबाण

एवढ्या खटाटोपाची गरज नाही. चेंडूच्या उदाहरणात दोन मुळे काढावीत आणि ‘दोघांच्या मध्ये’ असे लिहावे. आम्ही क्लासमध्ये हेच शिकलो आणि कधीही अडलो नाही. चेंडू वर जातो आणि खाली येतो, म्हणून तो रेषेच्या वर असण्याचा काळ नेहमी मधलाच असणार.

सानपाडा_सायंकाळ

रामबाण यांचे म्हणणे या उदाहरणापुरते खरे आहे, परंतु ‘नेहमी’ हा शब्द मला पटत नाही. समजा मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून, जमिनीपासून १२ मीटरवरून, चेंडू १० मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला आणि तो १० मीटरच्या वर किती वेळ राहील असे विचारले. असमानता `5t² − 10t − 2 < 0` अशी येते आणि मुळे अंदाजे उणे ०.१८ आणि २.१८ येतात. दोन मुळांच्या मध्ये असे लिहिले, तर चेंडू मी फेकण्यापूर्वीच हवेत होता असा अर्थ होतो. कालावधीही २.३७ सेकंद येतो, जो खरा नाही. चेंडू सुरुवातीलाच रेषेच्या वर आहे, म्हणून उत्तर शून्यापासून २.१८ सेकंदांपर्यंत एवढेच आहे. उणे मूळ गणिताच्या दृष्टीने चुकीचे नाही, पण त्या क्षणाला हे सूत्र लागूच होत नाही, कारण तेव्हा चेंडू माझ्या मुठीत होता.

प्रश्न ‘रेषेच्या खाली किती वेळ’ असा असेल तर उत्तर मुळांच्या बाहेरचे असते आणि तेही दोन्ही टोकांना कापावे लागते. धागाकर्त्यांच्या उदाहरणात चेंडू ४.०७ सेकंदांनी जमिनीवर पडतो. त्यामुळे खाली असण्याचा काळ शून्य ते १ आणि ३ ते ४.०७ असा दोन तुकड्यांत येतो.

रामबाण

हातापेक्षा खालच्या रेषेबद्दल परीक्षेत कोण विचारतो? रेषा हाताच्या वर असेल आणि प्रश्न ‘वर किती वेळ’ असा असेल, तर माझा नियम चुकलेला एकही प्रसंग दाखवावा.

सानपाडा_सायंकाळ

त्या दोन अटी घातल्यावर नियम बिनचूक आहे. मात्र पहिल्या प्रतिसादात त्या अटी नव्हत्या.

नेरूळची_मावशी

मला गणितातले फारसे कळत नाही, पण आमच्या संकुलात हाच प्रश्न चिघळलेला आहे. मुलांच्या क्रिकेटच्या जागेभोवती १० मीटर उंचीची जाळी आहे आणि तरी चेंडू जाळीवरून पलीकडच्या वाहनतळात जातो. तुमच्या सूत्राने चेंडू किती लांब जातो ते कळेल का? शिवाय मला असे वाटले की उत्तर ४ सेकंद असायला हवे, कारण चेंडू तेवढा वेळ हवेत असतो.

क्षितिज_ऐरोली

मावशी, ४ सेकंद हा साधारणपणे चेंडू हातातून सुटून पुन्हा हातात येईपर्यंतचा काळ आहे. येथे प्रश्न त्यातील फक्त वरच्या भागाचा आहे, जेव्हा चेंडू १६.५ मीटरच्या रेषेपलीकडे असतो.

तुमची बाब थोडी वेगळी आहे, कारण फलंदाजाने मारलेला चेंडू सरळ वर न जाता तिरका जातो. पण उंचीच्या असमानतेला त्याचा आडवा वेग ठाऊक नसतो, तिला केवळ उभा वेग हवा असतो. समजा चेंडू १.५ मीटरवरून २५ मीटर प्रति सेकंद वेगाने जमिनीशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून निघाला. त्याचा उभा वेग २० आणि आडवा वेग १५ येतो. मग १६.५ मीटरच्या वर असण्याचा काळ मुलीच्या उदाहरणातलाच, १ ते ३ सेकंद, राहतो. या काळात चेंडू आडवा १५ मीटरपासून ४५ मीटरपर्यंत जातो. याचा अर्थ असा की १६.५ मीटर उंचीची भिंत फलंदाजापासून १५ आणि ४५ मीटरांच्या दरम्यान कुठेही असली तरी चेंडू तिच्यावरून जाईल, आणि १० मीटर उंचीच्या जाळीसाठी हा पट्टा त्याहून रुंद असेल. तुमची जाळी खेळपट्टीपासून किती दूर आहे ते कळले तर हिशेब करता येईल.

नेरूळची_मावशी

मोजून सांगते. सचिवांकडे टेप आहे, पण ते सध्या गावी गेले आहेत.

दशांश९८

गुरुत्वत्वरण १० धरणे मला खटकते. ९.८ घेतल्यास असमानता `4.9t² − 20t + 15 < 0` होते, विवेचक १०६ येतो आणि मुळे ०.९९ व ३.०९ येतात. कालावधी २.१० सेकंद झाला. पत्रिकेतील २ सेकंद हे उत्तर ५ टक्क्यांनी चुकीचे आहे.

सानपाडा_सायंकाळ

उदाहरणात १० धरण्यास सांगितले आहे, म्हणून २ सेकंद हेच त्या उदाहरणाचे बरोबर उत्तर आहे. तरीही तुमच्या आकड्यांतील एक गोष्ट लक्षवेधी आहे. गुरुत्वत्वरण २ टक्क्यांनीच कमी झाले आणि कालावधी मात्र ५ टक्क्यांनी वाढला. चेंडू जरा जास्त उंच गेला आणि वर जरा जास्त रेंगाळलाही, असे दोन परिणाम एकत्र आले असावेत.

क्षितिज_ऐरोली

अगदी तेच घडले आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण मी वर्गात शिखरापासून उलटे सोडवतो.

२० च्या वेगाने सुटलेला चेंडू २ सेकंदांत थांबतो आणि तोवर हातापासून २० मीटर, म्हणजे जमिनीपासून २१.५ मीटर, चढतो. विचारलेली रेषा १६.५ मीटरवर आहे, म्हणजे शिखराच्या ५ मीटर खाली. स्थिर अवस्थेतून ५ मीटर पडायला किती वेळ लागतो? `½ × 10 × 1² = 5`, म्हणजे १ सेकंद. उतरताना १ सेकंद लागतो, तर चढतानाही तेवढाच. म्हणून २ च्या अलीकडे १ आणि पलीकडे १, असे १ ते ३ सेकंद झाले. मुलीला उत्तर पडताळण्यासाठी हा दुसरा मार्ग उपयोगी पडेल, कारण यात असमानतेचे चिन्ह कुठेच येत नाही आणि ते उलटण्याचा प्रश्नही येत नाही.

यातून आणखी एक गोष्ट दिसते जी अवयव पाडताना दिसत नाही. रेषेच्या वर असण्याचा काळ चेंडू किती जोरात फेकला यावर थेट अवलंबून नसतो, तर शिखर रेषेच्या किती वर आहे यावरच अवलंबून असतो. शिखर रेषेच्या ५ मीटर वर असेल तर काळ २ सेकंदच, मग ती रेषा हाताच्या १५ मीटर वर असो की १५० मीटर. याचे कारण असे की दूरच्या रेषेपर्यंत पोहोचायला वेग जास्त लागतो, पण तो वेग रेषा गाठेपर्यंत खर्ची पडलेला असतो आणि रेषेवर हाती उरतो तो सारखाच, १० मीटर प्रति सेकंद.

आणि हा काळ अंतराच्या वर्गमुळाने बदलतो. रेषा शिखराच्या केवळ १ मीटर खाली घेतली तर अंतर पाचपट घटले, पण काळ २ वरून ०.८९ सेकंदांवरच आला. २० मीटरच्या चढाईत सगळ्यात वरच्या एका मीटरला एकूण ४ सेकंदांपैकी जवळपास एक सेकंद मिळतो. चेंडू वर गेल्यावर क्षणभर टांगल्यासारखा भासतो तो यामुळेच.

वर्तकनगरवासी

शिखरापासून उलटे मोजण्याची पद्धत तिला फार आवडली. तिने लगेच रेषा सरकवून पाहायला सुरुवात केली आणि रेषा २२ मीटरवर नेल्यावर अडली, कारण विवेचक उणे आला. ‘उत्तर नाही’ असे लिहायचे की गणित चुकले असे समजायचे, असे ती विचारते आहे.

सानपाडा_सायंकाळ

तिचे गणित चुकलेले नाही. शिखर २१.५ मीटरवर आहे आणि रेषा २२ वर, म्हणजे चेंडू तिथवर पोहोचतच नाही. ‘असा एकही क्षण नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. विवेचक उणे आल्यावर पेन खाली ठेवू नये, शिखराची उंची काढून एका वाक्यात कारण लिहावे.

रेषा बरोबर २१.५ वर असेल तर `(t − 2)² < 0` मिळते आणि वर्ग ऋण असू शकत नाही, म्हणून तिथेही एकही क्षण सापडत नाही. पण प्रश्नात ‘२१.५ मीटर किंवा त्याहून जास्त’ असे असते, तर `t = 2` हा एकच क्षण उत्तरात आला असता. त्या क्षणाचा कालावधी शून्य आहे, मात्र उत्तर रिकामे नाही. हा फरक परीक्षकांना प्रिय असतो.

निवृत्त_अभियंता_पाचपाखाडी

सर्वांचे हिशेब कागदावर सुबक आहेत, परंतु हवेला कुणीच विचारलेले नाही. आपल्याकडची मुले टेनिसच्या चेंडूने खेळतात. तो साधारण ५८ ग्रॅमचा आणि ६.७ सेंटीमीटर व्यासाचा असतो, शिवाय त्यावर लव असते. २० मीटर प्रति सेकंद वेगाने निघताना त्यावर हवेचा जो विरोध असतो, तो माझ्या ढोबळ हिशेबाने त्याच्या वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त येतो. वेग घटेल तसा तो विरोध वेगाच्या वर्गाने घटतो, हे लक्षात घेऊनही चेंडूचे शिखर जमिनीपासून १६ मीटरच्या आसपासच येते. म्हणजे ज्या रेषेच्या वर तो २ सेकंद राहणार असे सगळे म्हणत आहेत, तिथवर तो पोहोचेल की नाही याचीच मला शंका आहे.

दशांश९८

मी ९.८ की १० यावर भांडत होतो आणि तुम्ही चेंडूच पोहोचू दिला नाही!

क्षितिज_ऐरोली

आपला मुद्दा योग्य आहे, पण चामड्याच्या चेंडूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्याचे वजन १६० ग्रॅमच्या घरात आणि आकार किंचित मोठा, त्यामुळे निघतानाचा विरोध वजनाच्या पावपटीच्या आसपास असतो. तो रेषा सहज ओलांडेल आणि माझ्या अंदाजाने दीड सेकंदाच्या जवळपास वर राहील.

हवा असताना `t²` चे सूत्र लागू राहत नाही, म्हणून शिखराच्या दोन्ही बाजूंची समानताही बिघडते. तोच टप्पा चेंडू चढताना वेगाने आणि उतरताना सावकाश पार करतो, त्यामुळे रेषेच्या वरचा चढणीचा काळ उतरणीच्या काळापेक्षा कमी भरतो. शिखराजवळ वेग कमी असल्याने हा फरक तिथे नगण्य असतो. म्हणजे शिखरापासून उलटे मोजण्याची पद्धत हवेतही बऱ्यापैकी टिकते, फक्त शिखर कुठे आहे ते सूत्राने न काढता मोजून घ्यावे लागते.

निवृत्त_अभियंता_पाचपाखाडी

चामड्याच्या चेंडूबाबत सहमत आहे. दीड सेकंदाबाबत नाही, कारण विरोधाचा गुणक किती धरला यावर ते अवलंबून आहे आणि शिवणीमुळे तो बदलतो.

कोपरी_कट्टा

हा वाद मोजूनच मिटवू या, असे म्हणून मी आणि माझ्या पुतण्याने इमारतीसमोर चेंडू उडवून मोबाइलवर चित्रण केले. २० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. तेवढ्या वेगाने सरळ वर फेकणे हाताला जमत नाही, म्हणून त्याने बॅटने चामड्याचा चेंडू उडवला. सहाव्या मजल्याची पट्टी रेषा म्हणून धरली, ती १६.५ मीटरच्या जवळपास आहे. पट्टीच्या वर चेंडू २.७ सेकंद दिसला. हवेने काळ कमी व्हायला हवा होता, तर तो वाढला कसा?

सानपाडा_सायंकाळ

दोन प्रश्न विचारते. चेंडू किती वेगाने सुटला ते आपल्याला माहीत आहे का? आणि चित्रण करताना आपण, चेंडू आणि इमारत यांच्यात किती अंतर होते?

कोपरी_कट्टा

वेग मोजलेला नाही. मी इमारतीपासून १० मीटरवर उभा होतो आणि चेंडू इमारतीपासून ३ मीटर अलीकडे, माझ्या बाजूला, उडत होता.

सानपाडा_सायंकाळ

मग निम्मे उत्तर तिथेच आहे. आपण खालून पाहत होता आणि चेंडू भिंतीपेक्षा जवळ होता, त्यामुळे तो पट्टीच्या वर गेल्यासारखा फार लवकर दिसला. मोबाइल १.५ मीटरवर होता असे धरू. पट्टी त्याच्या १५ मीटर वर आणि १० मीटर दूर आहे, तर चेंडू ७ मीटर दूर. नजरेच्या त्याच रेषेवर चेंडू १०.५ मीटर वर असतो, म्हणजे जमिनीपासून १२ मीटरवर. आपण १६.५ ची नव्हे, तर १२ मीटरची रेषा मोजली. हवा सोडून दिली, वेग २० धरला आणि १२ मीटरसाठी असमानता सोडवली, तर `5t² − 20t + 10.5 < 0` वरून कालावधी २.७६ सेकंद येतो. आपला आकडा त्याच्याशी जुळतो, पण त्यावरून वेग २० होता असे म्हणता येणार नाही. वेग जास्त असेल आणि हवेने काही काळ खाल्ला असेल, तरीही हाच आकडा येऊ शकतो.

पुढच्या वेळी मोबाइल समोरच्या इमारतीत, सहाव्याच मजल्यावर, पट्टीच्या उंचीवर धरावा. मग नजर आडवी राहील आणि चेंडू पुढे-मागे झाल्याने फरक पडणार नाही.

कोपरी_कट्टा

समोरच्या इमारतीतले काका गेल्या महिन्यात फुटलेल्या काचेवरून अजून बोलत नाहीत. तरी विचारून पाहतो.

वर्तकनगरवासी

मूळ प्रश्नाकडे परत येतो. मुलीने उदाहरण पुन्हा सोडवले, सर्व पदे धन बाजूला नेली आणि शिखरावरून ताळाही घेतला. पण क्लासमधील शिक्षकांनी तरीही अर्धा गुण कापला, कारण तिने उत्तर `[1, 3]` असे लिहिले होते. कालावधी दोन्हीकडे २ सेकंदच येतो, मग गुण का कापावा, यावर ती आता हटून बसली आहे.

रामबाण

अर्ध्या गुणासाठी वाद घालू नये. गोल कंस करावा आणि पुढच्या गणिताकडे जावे.

क्षितिज_ऐरोली

येथे मी शिक्षकांच्या बाजूने आहे. प्रश्नात ‘पेक्षा जास्त’ असे आहे, आणि १ व ३ या दोन्ही क्षणी चेंडू नेमका १६.५ मीटरवर असतो, जास्त उंचीवर नसतो. प्रश्न केवळ कालावधीचा असता तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळायला हवे होते, पण ‘कोणत्या कालावधीत’ असे विचारले असल्याने टोकांचा निर्णय उत्तराचाच भाग होतो. `(1, 3)` असे लिहावे.

नेरूळची_मावशी

सचिव आले. जाळी खेळपट्टीच्या फलंदाजाकडील टोकापासून २२ मीटरवर आहे. आता सांगा, ती किती उंच करायची?

सानपाडा_सायंकाळ

मावशी, क्षितिज यांनी घेतलेल्याच फटक्याने पाहू. आडवा वेग १५ असल्याने २२ मीटरला चेंडू १.४७ सेकंदांनी पोहोचतो आणि त्या क्षणी तो जमिनीपासून सुमारे २० मीटरवर असतो. हवेने तो थोडा खाली आणला तरी १० मीटरची जाळी त्याला अडवू शकत नाही. तेवढी उंच जाळी लावण्यापेक्षा जागेवर छताची जाळी टाकणे स्वस्त पडेल का, याची चौकशी करावी.